समोरून गोल, बाजूनं पायरी

एक रुपयाचं २०१९ नंतर आलेलं छोटं नाणं तळहातावर घ्या आणि त्याच्या शेजारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा चपटा सेल ठेवा. नाण्याचा व्यास २० मिलिमीटर. सेलवर बारीक अक्षरांत ‘सीआर २०३२’ असं कोरलेलं असतं. त्या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे त्याचा व्यास, २० मिलिमीटर, आणि पुढचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. म्हणजे आकार नाण्याएवढाच, फक्त जाडी जास्त. दीड वर्षाच्या मुलाच्या बोटांना हा फरक कळत नाही. तो दोन्ही तोंडातच घालणार. एक्स-रेच्या फोटोतही दोन्ही पांढरीशुभ्र गोल चकतीच दिसतात. पण नाणं कधी कधी उद्यापर्यंत थांबू शकतं. सेल दोन तासही थांबत नाही.

मी मिरजेत बावीस वर्षं एक्स-रे विभागात काम केलं. मुलाची नोकरी हजीऱ्याला, म्हणून आता इथल्या टाउनशिपमध्ये राहते. नाणं गिळलेली मुलं तिथं इतकी यायची की आम्हाला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. मग आमच्या डॉक्टरीणबाईंनी शिस्त लावली : फोटो एक नाही, दोन काढायचे. एक समोरून, एक बाजूनं. ‘समोरचा सांगतो कुठं आहे, बाजूचा सांगतो काय आहे,’ असं त्या म्हणायच्या. आपल्या घरातल्या बायकांना हे माहीत असावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘कुठं’ ते बघू. अन्ननलिका काही पाण्याच्या पाइपासारखी सदा उघडी नसते. घास नसेल तेव्हा ती पुढून-मागून चेपलेली असते, रिकाम्या कापडी पिशवीसारखी. त्यामुळे तिच्यात अडकलेली चकती आडवी पसरून बसते. समोरून फोटो काढला की तिचा पूर्ण गोल दिसतो, आणि बाजूनं काढला की नुसती उभी पांढरी रेघ. श्वासनलिकेचं उलटं असतं. स्वरयंत्रातली फट पुढून मागे जाणारी असते आणि श्वासनलिकेच्या कुर्च्यांची कडी मागच्या बाजूला उघडी असते. म्हणून तिथं चकती गेलीच तर ती उभी शिरते, आणि समोरून रेघ, बाजूनं गोल दिसते. हा नियम दगडावरची रेघ नव्हे, कधीमधी चुकतो. पण एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत नाणं मावणंच अवघड. गेलं तर मूल खोकतं, श्वासाला आवाज येतो, जीव कासावीस होतो. बहुतेक वेळा चकती अन्ननलिकेतच सापडते, आणि तीही वरच्या टोकाशी, हसळीच्या हाडांच्या उंचीवर. तिथं ती वाट सर्वांत अरुंद असते.

आता ‘काय आहे’ ते. रुपयाचं नाणं म्हणजे एकसंध धातू, आरपार सारखा. सेल मात्र कुंकवाच्या डबीसारखा दोन भागांचा. खालची वाटी मोठी, ती धन बाजू. तिच्यात बसवलेलं झाकण किंचित लहान, ती ऋण बाजू. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकची बारीक कडी. म्हणून समोरच्या फोटोत सेलच्या कडेच्या आत आणखी एक बारीक वर्तुळ दिसतं, आणि बाजूच्या फोटोत एका अंगाला पायरी दिसते, थाळीवर लहान ताटली पालथी घातल्यासारखी. पण इथंही फसगत होते. चकती थोडी तिरकी असली किंवा फोटो फार पांढरा आला, तर आतलं वर्तुळ लपतं. पातळ सेलची पायरी नीट बघितल्याशिवाय कळत नाही. उलट, दोन वेगळ्या आकारांची नाणी एकमेकांना चिकटून बसली, तर ती सेलसारखी दिसू शकतात. शंका असेल तेव्हा सेलच आहे असं धरून चालायचं, हा तिथला रिवाज.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर नंदुरबारकडचं कुटुंब राहतं. त्यांचा नातू अठरा महिन्यांचा. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो एकदम ठसकला, मग लाळ गाळायला लागला. पाणी पाजलं तर परत बाहेर. ओवाळणीच्या ताटातला रुपया सापडेना, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की रुपयाच गिळला. बापानं त्याला गाडीत घातलं आणि सुरतच्या रस्त्यावरच्या एका लहानशा केंद्रात समोरून फोटो काढून घेतला. तिथल्या माणसानं सांगितलं, “नाणं आहे. केळं खायला घाला, उद्या-परवा शौचावाटे पडेल.”

सुनेनं तो फोटो मला मोबाइलवर पाठवला. “आक्का, तुम्ही बघता का जरा?” मोबाइलवर आलेल्या फोटोत बारीक रेषा पुसट होतात, म्हणून मी तो मोठा करून बघितला. हसळीच्या उंचीवर पूर्ण गोल, म्हणजे अन्ननलिकेत. कडेच्या आत एक फिकट वर्तुळ असल्यासारखं वाटलं, खात्री होईना. मी विचारलं, “काकू, घरात सेलवर चालणारं काय काय आहे?” त्या म्हणाल्या, “रिमोट आहे, आणि त्या दिवाळीच्या लुकलुकणाऱ्या पणत्या.” त्यांनी पणत्या मोजल्या. एकीचं खालचं झाकण निघालेलं होतं आणि आत सेल नव्हता. मी त्यांना दुसरी पणती उघडून सेलवरचा नंबर वाचायला लावला. सीआर २०३२. तोवर रुपयाही सापडला, पाटाखाली.

मी केंद्रातल्या माणसाला फोनवर सांगितलं, “दादा, आत्ताच्या आत्ता बाजूनं एक फोटो काढा.” पाच मिनिटांत तो आला. उभ्या रेघेच्या एका अंगाला पायरी स्पष्ट दिसत होती, आणि ती पाठीच्या कण्याकडे होती. हेही बघायचं असतं. अरुंद बाजू म्हणजे ऋण बाजू, आणि भाजणं सर्वांत जास्त तिथंच होतं. ती पुढं असेल तर श्वासनलिका जवळ, आणि जरा खाली उतरलं की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जवळ. मागं असेल तर मणके.

सेल कसा भाजतो याविषयी आपल्याकडं एक गैरसमज आहे, की आतलं ॲसिड गळतं. तसं नाही. ओल्या अन्ननलिकेला दोन्ही बाजू टेकल्या की त्या ओलाव्यातूनच वीज वाहते आणि ऋण बाजूशी कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. नवा सेल तीन व्होल्टचा. घड्याळ बंद पडलं म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही एवढं करायला पुरेसा जोर उरलेला असतो. पाव तासात आतलं अस्तर बिघडायला लागतं, दोन तासांत खोल जखम होऊ शकते. म्हणून सेल अन्ननलिकेत असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी दुर्बिणीनं लगेच काढतात. नाणं असेल आणि मुलाला काही त्रास नसेल, तर डॉक्टर बारा ते चोवीस तास वाट बघू शकतात. सेल पोटात उतरला असेल तर घाई थोडी कमी होते. तिथं मुलाचं वय आणि सेलचा आकार बघून डॉक्टर ठरवतात.

केळं द्यायचं नाही, ओकारी काढायची नाही. फक्त एक गोष्ट सांगतात, आणि तीच नेमकी आपल्या घरात नसते : मध. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती लपेटून बसतो आणि क्षाराची तीव्रता कमी करतो. तो उपचार नव्हे. फक्त थोडा वेळ मिळवून देतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही.

आता आपल्या आठ मूलगुणांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग येतो. मला विचाराल तर मूल व्रती नसतं. पण हा प्रश्न ज्या घरानं त्या घरात आधीच बोलून ठेवावा, गाडीत बसल्यावर नाही. आणि घरात मध नसेल तर तो शोधायला दुकानं धुंडाळू नयेत. दवाखान्यात सुक्राल्फेट नावाचं औषध त्याच कामासाठी देतात. मधासाठी घालवलेली वीस मिनिटं त्याहून महाग पडतात.

खालच्या घरात मध होता. मुलाच्या काकानं तो पणतीतल्या दुसऱ्या सेलसकट मोटारसायकलवरून केंद्रात पोचवला. वाटेवर चार वेळा दिला. हजीऱ्याहून सुरत पंचवीसेक किलोमीटर, त्यात ट्रकांची रांग. मी मोठ्या रुग्णालयात आधी फोन करायला लावला आणि सांगायला लावलं की ‘नाणं नाही, सेल आहे, २० मिलिमीटर’. पोराला सरळ ऑपरेशनच्या खोलीत नेलं. दहा वाजायच्या आत सेल बाहेर आला. तीन तास झाले होते. मागच्या भिंतीवर काळपट डाग पडला होता. पाच दिवस नाकातल्या नळीनं दूध दिलं.

सेल निघाला म्हणजे सुटलो, असं मात्र नसतं. क्षार आत मुरलेला असतो आणि जखम पुढं काही दिवस, काही आठवडेही खोल जाऊ शकते. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२० साली रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीनं रिमोटचा सेल गिळला. आधी तो घशाचा साधा आजार समजला गेला. सेल काढल्यावरही अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलं, आणि दोनेक महिन्यांनी ती गेली. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २०२२ साली तिच्याच नावानं तिथं कायदा झाला. सेलचं झाकण अवजाराशिवाय, किंवा दोन क्रिया एकदम केल्याशिवाय, उघडता कामा नये. खालच्या पोराच्या घरी आम्ही म्हणूनच लिहून ठेवलं होतं : रक्ताची उलटी, काळी शौच, खाताना खोकला किंवा ताप, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो वा दिवस, परत जायचं. दीड महिन्यानंतरच्या तपासणीत अन्ननलिका आकसलेली नव्हती. आता तो भाकरी खातो.

तुमच्या घरातली सेलवरची प्रत्येक वस्तू आज उलटी करून बघा. गाडीची किल्ली, वजनकाटा, रिमोट, गाणारं शुभेच्छापत्र, दिवाळीच्या पणत्या. ज्या झाकणाला स्क्रू नाही, तिथं जाड चिकटपट्टी लावा. वापरलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळूनच टाका. आणि मूल लाळ गाळत असेल, घास गिळत नसेल, समोरच्या फोटोत गोल दिसत असेल आणि कुणी ‘नाणं आहे’ म्हणत असेल, तर न लाजता विचारा : “बाजूनं काढलात का?”