हसरा चेहरा: खोडायचा की ठेवायचा?

सुरतेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट लिहिणारं कुणी घरात असलं की ओळखीतले सगळे त्याला फुकटचा प्रूफरीडर करून टाकतात. माझ्याकडे अर्ज येतात, आमंत्रणं येतात, धंद्याची पत्रं येतात. हल्ली या ईमेलमध्ये एखादा 😊 किंवा 🙏 हमखास असतोच. शुद्धलेखन तपासणाऱ्याने तो काढावा का?

उधन्यात साड्यांवर एम्ब्रॉयडरीचं काम करणाऱ्या एका काकांचं उदाहरण घेते. जळगावच्या दुकानदाराकडे बिल अडकलेलं. काकांनी ईमेल लिहिला: ‘साहेब, मागच्या महिन्याचं बिल बाकी आहे 🙏 या आठवड्यात जमलं तर बरं होईल 😊’

आता दोन्ही चित्रं काढून वाचा. ‘या आठवड्यात जमलं तर बरं होईल.’ मराठीत हे वाक्य विनंती म्हणूनही बोलता येतं आणि दम देण्यासाठीही. समोरासमोर असतो तेव्हा आवाज आणि चेहरा फरक सांगतात. कागदावर ते काम तो 😊 करत होता. तो नुसता खोडला तर मी भाषा शुद्ध केली नाही, अर्थ बदलला.

स्मायलीचा जन्मही याच अडचणीतून झाला. 19 सप्टेंबर 1982 रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सहकाऱ्यांना सुचवलं, की संगणकावरच्या संदेशात विनोद केला असेल तर :-) अशी खूण करा. कारण तिथे थट्टेतली वाक्यं लोक खरी मानून बसत. म्हणजे ही खूण सजावटीची नव्हती. प्रश्नचिन्हासारखीच वाचणाऱ्याला सूर सांगणारी होती. आणि आपली विरामचिन्हं तरी कुठे मुळातली आहेत? मराठीत ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी यांना दिलं जातं. म्हणून इमोजीकडेही मी विरामचिन्हासारखं बघते. ते वाक्यात काही काम करतंय का, एवढाच पहिला प्रश्न. ‘आपला अर्ज मिळाला 😊🎉’ इथे काम काहीच नाही, बिनधास्त काढावं.

काम करत असेल तर मात्र दुसरा प्रश्न येतो: ते काम शब्दांवर सोपवता येईल का? औपचारिक पत्रात बहुतेक वेळा तेच बरं, कारण चित्राचा अर्थ पक्का नसतो. अंगठ्याचंच बघा. कॅनडातल्या एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो मेसेजवर आला, त्याने उत्तरात 👍 पाठवला. माल दिला नाही. अंगठा म्हणजे ‘करार मिळाला’ एवढंच, असं त्याचं म्हणणं. 2023 मध्ये न्यायालयाने तो होकार मानला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरपाई लावली. उलट 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर व्हॉट्सअॅप गटात 👍 टाकल्याबद्दल नोकरी गेलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाचं प्रकरण आलं. तिथे अंगठा म्हणजे संदेश पाहिल्याची पोच असू शकते, असं न्यायालयाने मान्य केलं. एकच अंगठा, दोन अर्थ. म्हणून ईमेलमध्ये 👍 दिसला की मी लिहिणाऱ्याला विचारते, ‘पोचलं’ म्हणायचंय की ‘मान्य आहे’? उत्तर येईल तो शब्द लिहायचा.

एक तांत्रिक खोडही माहीत असावी. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये :) टाइप केलं की तो आपोआप विंगडिंग्ज या फाँटमधला हसरा चेहरा व्हायचा. त्या फाँटमध्ये तो चेहरा J या अक्षराच्या जागी आहे. पत्र उघडणाऱ्याकडे तो फाँट चालला नाही तर वाक्याच्या शेवटी एकटा J उरायचा. ‘धन्यवाद J’ असं दिसलं तर ती टायपिंगची चूक नाही, कुणाच्या नावाचं आद्याक्षरही नाही. ते हरवलेलं हसू आहे.

काकांच्या ईमेलकडे परत येते. मी शेजारी टीप लिहिली: ‘दोन्ही चित्रं काढली तर सूर कडक होतो. हे चालेल का?’ आणि खाली पर्याय दिला: ‘साहेब, मागच्या महिन्याचं बिल बाकी आहे. या आठवड्यात देणं जमेल का? काही अडचण असेल तर मोकळेपणाने कळवा.’ 😊चं काम शेवटच्या वाक्याने उचललं, 🙏चं काम प्रश्नचिन्हाने.

काकांनी पर्याय घेतला, पण 🙏 शेवटी सहीजवळ परत टाकला. ‘दहा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, नमस्कार तरी राहू दे,’ म्हणाले. मी राहू दिला. तिथे त्याचा दुसरा अर्थ निघत नाही, आणि सही त्यांची आहे, माझी नाही.