सोबत आणि साक्ष

मराठीत ‘सोबत’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. पूर्वी अंधार पडल्यावर एखाद्या बाईला परगावी जायचे असले, तर घरातली मंडळी पहिला प्रश्न विचारीत, ‘सोबत कोणाची आहे?’ ही सोबत बहुधा एखाद्या दहा-बारा वर्षांच्या भाच्याची किंवा शेजारच्या म्हाताऱ्या काकांची असे. त्यांच्याकडून संरक्षण होईल असे कोणालाच वाटत नसे; पण बरोबर कोणीतरी आहे एवढ्याने प्रवास निर्धोक मानला जाई. आता त्या जागी मोबाईलमधले ॲप आले आहे. मात्र ॲप सोबत देत नाही, साक्ष देते. या दोहोंत जे अंतर आहे, त्याविषयी आम्हांला लिहायचे आहे.

आम्ही दोघी मराठी शिकवतो, एक साताऱ्यात आणि एक सांगलीत. आमच्या कितीतरी माजी विद्यार्थिनी पुण्या-बंगळुरास नोकरीला आहेत आणि सणावाराला किंवा घरच्या आजारपणाला रात्री-अपरात्री गावी येतात. अशीच एक विद्यार्थिनी वडिलांना रुग्णालयात दाखल केल्याचे कळल्यावर बंगळुराहून निघाली. विमान रात्री अकराच्या सुमारास लोहगावला उतरले. तिथून सातारा सुमारे 120 किलोमीटर. सकाळपर्यंत थांबण्याजोगी परिस्थिती नव्हती, म्हणून तिने ॲपवरून गाडी ठरवली. भावाला रुग्णालय सोडता येत नव्हते. तेव्हा त्या रात्री जागे राहण्याचे काम आमच्याकडे आले.

गाडीत बसण्यापूर्वीची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. ॲप चार आकड्यांचा ओटीपी देते. तो चालकाला सांगितला की प्रवास सुरू झाल्याची नोंद होते. या आकड्यांमुळे चालकाची खातरजमा झाली, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ओटीपीने एवढेच सिद्ध होते, की या गाडीत बसलेली प्रवासी तीच, जिने ही गाडी मागवली. चालकाच्या जागी बसलेला माणूस छायाचित्रातला आहे की त्याचा भाऊ किंवा मित्र, हे ओटीपी सांगत नाही. कंपन्या अधूनमधून चालकाला स्वतःचा सेल्फी काढून पाठवायला लावतात. पण दोन सेल्फींच्या मधल्या वेळात चाक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. म्हणून आधी नंबरप्लेट, मग चेहरा, मग ‘कोणाच्या नावाची गाडी आहे?’ असे चालकालाच विचारणे आणि सर्वांत शेवटी ओटीपी, हा क्रम पाळावा. गाडी समोर येण्यापूर्वी फोनवर ओटीपी सांगू नये. आणखी एक, प्लेट पिवळी असावी. विजेवरची गाडी असेल तर हिरवी, पिवळ्या आकड्यांची. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाड्याही भाड्याने फिरतात. भाडोत्री वाहनांसाठी असलेले नियम त्या गाड्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीने हे सारे केले. गाडी विमानतळाबाहेर पडताच चालक म्हणाला, “ताई, ट्रिप कॅन्सल करा ना. तेवढ्याच पैशांत सोडतो, कॅश द्या.” यात दरवेळी दुष्ट हेतू असतोच असे नाही. कंपनीची कपात जाते, साताऱ्याहून परतताना भाडे मिळत नाही, हे त्याचे गणित खरे असते. पण ट्रिप रद्द होताच मार्गाची नोंद थांबते, घरच्यांना पाठवलेली लिंक निकामी होते, आणि वाटेत काही घडले तर हा प्रवास झालाच नाही असे कंपनीचे दफ्तर सांगते. साक्षीदाराला आपणच घरी पाठवण्यासारखे आहे हे. ती म्हणाली, “दादा, ॲपवरूनच जाऊ. घरचे लिंकवर बघत बसलेत.” चालक पुढे काही बोलला नाही. ‘घरचे बघत बसलेत’ हे वाक्य प्रवासाच्या आरंभीच सहजपणे उच्चारावे. ॲपमधल्या कुठल्याही बटणापेक्षा ते लवकर काम करते.

आता त्या लिंकविषयी. प्रवास सुरू झाल्यावर ‘ट्रिप शेअर करा’ असा पर्याय दिसतो. त्यातून गेलेली लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर ॲप नसतानाही उघडते. तिच्यात गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि नकाशावर सरकणारा बिंदू दिसतो. हा बिंदू बहुतेक वेळा चालकाच्या मोबाईलवरून येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने इंटरनेट बंद केले, की बिंदू जागच्या जागी गोठतो. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत ॲपवरून मागवलेल्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा हेच उघड झाले. गाडीचा ठावठिकाणा चालकाच्या मोबाईलवर अवलंबून होता, आणि चालकाच्या चारित्र्याचा दाखला बनावट निघाला. ॲपमधले धोक्याचे बटण भारतात त्यानंतर, 2015 च्या आरंभी आले. सुरक्षेच्या यातल्या बऱ्याच सोयी अशा कोणाच्या तरी दुःखानंतर आलेल्या आहेत.

म्हणून आम्ही तिला दुसरा बिंदू पाठवायला सांगितले होते, तिच्या स्वतःच्या मोबाईलवरून व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन. तिथे पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात; रात्रीच्या प्रवासाला आठ तासांचाच निवडावा. दोन फोन, दोन बिंदू. दोन्ही बरोबरीने सरकत असतील तर काळजी नाही. एक गोठला आणि दुसरा चालत राहिला, तर गोठलेल्या फोनचे इंटरनेट गेले एवढाच अर्थ. दोन्ही एकाच जागी थांबले आणि पोहोचण्याची अंदाजित वेळ पुढे पुढे जात असेल, तर गाडीच थांबली आहे. दोन बिंदू एकमेकांपासून दूर जाऊ लागले, तर मात्र क्षणही दवडू नये.

त्या रात्री खेड शिवापूरचा टोलनाका गेला, नीरेवरचा पूल गेला आणि शिरवळच्या पुढे दोन्ही बिंदू थांबले. पाच मिनिटे, सात मिनिटे. गाडी अनपेक्षितपणे फार वेळ थांबली तर काही ॲप स्वतःहून प्रवाशाला ‘सर्व ठीक आहे ना?’ असे विचारतात. पण या प्रश्नाचे उत्तर प्रवाशानेच द्यायचे असते; तिला झोप लागली असेल, किंवा फोन पर्समध्ये असेल, तर प्रश्न अनुत्तरित राहतो. आम्ही फोन केला. दुसऱ्या रिंगला तिने उचलला. “मॅडम, गॅसच्या रांगेत आहोत. पुढे तीन गाड्या आहेत.” मागे पंपावरच्या माणसांचे आवाज ऐकू येत होते. घटना इतकीच. पण त्या सात मिनिटांत आम्हां दोघींच्या मनात काय काय येऊन गेले, ते लिहिण्याची गरज नाही.

त्या वेळी 2007 ची पुण्याची घटना आठवल्यावाचून राहिली नाही. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला निघालेली एक तरुणी कंपनीने ठरवलेल्या गाडीत होती आणि फोनवर बंगळुरातल्या मित्राशी बोलत होती. गाडी भलत्या रस्त्याने का चालली आहे, असे तिने चालकाला विचारल्याचे त्या मित्राने ऐकले. मग फोन तुटला. पुढे खटल्यात त्याची साक्ष उपयोगी पडली, गुन्हेगारांना शिक्षा झाली. ती मुलगी मात्र वाचली नाही. साक्षीदार होता, जागाही होता. पण शेकडो किलोमीटर दूर होता आणि गाडी नेमकी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

बिंदूचा खरा उपयोग इथे आहे. फोन उचलला गेला नसता, तर आम्ही 112 ला काय सांगणार होतो, हे आधीच कागदावर लिहून ठेवले होते: गाडीचा क्रमांक, रंग, पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी बाजू आणि शेवटची ओळखीची खूण. महाराष्ट्रात 112 ही सेवा 2021 पासून सुरू आहे. फोन राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात उचलला जातो आणि तिथून त्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे निरोप जातो. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. ‘पुण्याजवळ कुठेतरी’ असे सांगितले तर निरोप नदीच्या चुकीच्या काठावर जायचा. ‘शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाटाच्या अलीकडे’ असे सांगितले तर जवळची पोलीस गाडी निघू शकते. ॲपमधले धोक्याचे बटणही बहुधा हाच क्रमांक लावून देते. त्यामागे वेगळी फौज उभी नसते.

1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंदलेल्या भाडोत्री मोटारींत मागोवा यंत्र आणि लाल बटण बंधनकारक झाले. त्या यंत्राला स्वतःचे सिमकार्ड आणि राखीव बॅटरी असते, त्यामुळे ते कोणाच्याही मोबाईलवर अवलंबून नसते. कल्पना उत्तम आहे. पण त्याची सेवा नूतनीकरण न झाल्याने बंद पडली आहे की चालू आहे, हे मागच्या सीटवरून कळत नाही. त्यामुळे ते असले तर दाबावे. त्याच्या भरवशावर मात्र राहू नये. तीनचाकी रिक्षांना तर या नियमातून वगळलेलेच आहे.

आणि आमच्या गावांतला शेवटचा टप्पा रिक्षाचाच असतो. खासगी बस पहाटे दोनला साताऱ्यात महामार्गावरच उतरवून देते. रेल्वे माहुलीला किंवा मिरजेला सोडते. तेव्हा ॲप उघडले तर आसपास एकही गाडी दिसत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ते कोणत्याच कंपनीचे नसलेले साधन: आपले लाइव्ह लोकेशन, रिक्षाच्या क्रमांकाचा फोटो आणि जागे असलेले एक माणूस.

गाडी दोनच्या सुमारास वाढे फाट्याला वळली आणि पाच-दहा मिनिटांत रुग्णालयाच्या दारात थांबली. वडिलांना भेटून तिने आम्हांला निरोप पाठवला आणि लगेच लोकेशन बंद केले. ते आम्हांला आवडले. रात्री मागितलेली साक्ष सकाळी कोणाची पाळत होऊ नये; नाहीतर ‘तू कुठे आहेस’ हे घरच्यांना कळत राहावे, म्हणून मुलींना लिंक पाठवायला लावली जाईल आणि उद्या तीच लिंक दाखवून त्यांचे बाहेर पडणे थांबवले जाईल. आता आमच्या माजी विद्यार्थिनींनी एक यादी केली आहे. जिला रात्री प्रवास करायचा, ती दुपारीच त्यात आपले नाव आणि निघायची वेळ टाकते. दुसरी कोणीतरी त्यापुढे ‘मी जागी आहे’ असे लिहिते. मागच्या शनिवारी सांगलीची पाळी होती.