सोमवारचं तिकीट, रविवारची गाडी

असीरगड पाहून परतताना बऱ्हाणपूरहून रात्रीची गाडी धरायची, तर वेळापत्रक नीट वाचावं लागतं. समजा, रविवारी जेवून निघायचं आहे आणि गाडी ००:२० ची आहे. तिकीट सोमवारचं काढायचं, कारण मध्यरात्री तारीख बदलते. वेळापत्रकात मात्र गाडीपुढे रविवारच दिसेल. तिथला वार ती जिथून सुटते त्या स्टेशनचा असतो.

गाडी बदलायची असली की आणखी एक गंमत. पहिली २३:५० ला पोचते, दुसरी ००:१० ला सुटते. वजाबाकी करताना शून्याऐवजी चोवीस धरा: २४:१० वजा २३:५०, म्हणजे वीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं उशिरा आली, तर सामान घेऊन पूल चढायला, दुसरा प्लॅटफॉर्म गाठायला पाचच उरतात.