डाळिंबाचा फोटो : मागचं बदला, फळ नको

शेडमध्ये काढलेल्या डाळिंबाच्या फोटोत मागं क्रेट न् चपला येतात. एआयला नुसतं "बॅकग्राउंड बदल" म्हटलं तर ते बऱ्याचदा फळही नव्यानं रंगवतं. साल जास्त लाल होते, तेल्याचा डागही पुसला जातो. असा फोटो बघून इंदापूरला आलेला व्यापारी माल बघितल्यावर भाव पाडणारच.

म्हणून आधी ब्रशनं फक्त मागची जागा रंगवा, अगदी फळाच्या कडेपर्यंत. मुकुटाच्या पाकळ्यांमधल्या फटी झूम करून भरा, नाहीतर तिथं जुनं क्रेट डोकावतं. फळाखालची सावली सोडा. मग लिहा: "फक्त रंगवलेला भाग बदल. मागं साधं पांढरं कापड, उजेड डावीकडूनच."

शेवटी दोन्ही फोटो आलटून पालटून बघा. मुकुटाच्या पाकळ्या मोजा, डाग जागेवर आहेत का बघा. एक जरी हललं असेल तर तो फोटो पाठवू नका.