नाव घातलेला तांब्या

आईच्या लग्नातला एक पितळी तांब्या आमच्याकडे अजून आहे. गळ्याखाली बारीक ठिपक्यांनी कोरलंय, 'मामाकडून सप्रेम भेट', आणि तारीख. नाव घालणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा, म्हणून मामांनी स्वतःचं नावच वाचवलं. आईला मामा चार. तांब्या कोणाचा, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

अंबाजोगाईच्या बाजारात असा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं टाकून बसलेला मी लहानपणी पाहिलाय. आपण मजकूर कागदावर लिहून द्यायचा. तो आधी पेन्सिलीने भांड्यावरच अक्षरं काढायचा, वाचून दाखवायचा, आपण मान हलवली की छिन्नी लावायचा. एक-दोन भांडी उभ्या उभ्या व्हायची. पण ऊसतोडीहून माणसं परतली की बीडकडे लग्नांची झुंबड उडते. त्या दिवसांत आज दिलेलं भांडं चार दिवसांनी मिळायचं.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नासाठी स्टीलचे साठ डबे लेसरने कोरून घेतले. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला, दुकानदाराने तोच परत पाठवून 'बरोबर ना?' विचारलं, मी अंगठ्याचा इमोजी पाठवला. डबे आले त्यावर 'निखिल'चा झाला होता 'नखिलि'. 'विवाह'चीही वेलांटी पुढच्या अक्षरावर उडी मारून बसलेली.

दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी जुळवता येत नव्हतं. पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, दिसायला हवी अक्षराआधी; ही अदलाबदल ते करत नाही. रफार आणि जोडाक्षरंही अशीच मोडतात, 'कीर्ती'त र चा पाय सुटून हलन्त दिसतो. म्हणजे मी तपासला तो मोबाइलवरचा मेसेज. मशीनमध्ये गेली ती वेगळीच फाइल. पेन्सिलवाल्याकडे ही भानगड नव्हती, तो भांड्यावरचंच दाखवायचा.

आता मी मशीनच्या फाइलचं चित्र मागतो आणि आधी एकच नग कोरून घेतो. तो नग घरातल्या अशा माणसाला देतो ज्याने मजकूर लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. 'शुभाशीर्वाद'मधला शी दीर्घ, हे तर हमखास चुकतं. नवरीच्या नावाचं स्पेलिंग तिच्याच घरून लिहून घ्यावं, आणि तारीख मुहूर्त पक्का झाल्याशिवाय देऊच नये. मगवर फोटो छापायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, एरवी व्हॉट्सॲप तो लहान करतं आणि छपाई पुसट येते.

मुदत मी पंधरा दिवसांची धरतो. काम चार-पाच दिवसांचंच असतं, उरलेले दिवस चुकीसाठी. पितळेवरचं अक्षर घासून थोडंफार पुसट करता यायचं, पण स्टीलवर लेसरने कोरलेलं घालवायला गेलं की चकाकीच जाते. आमचे साठ डबे नव्याने करावे लागले, निम्मे पैसे आम्ही भरले. 'नखिलि'च्या एका डब्यात आता वहिनी मोहरी ठेवतात.