गिझर, घरमालक आणि एक ईमेल

भाड्याच्या घरात गिझर बंद पडला की पहिली भीती थंड पाण्याची नसते, डिपॉझिटची असते. फार मागे लागलो तर काकांना राग येईल, अकरा महिने संपल्यावर ते करार वाढवणार नाहीत, डिपॉझिटमधून काहीतरी कापतील. म्हणून आपण फोनवर गोड बोलत राहतो. पलीकडून "बघतो, बघतो" येत राहतं आणि डिसेंबर निघून जातो.

आमच्याकडे तेच चाललं होतं. पुण्यातला वन बीएचके, भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार. घरमालक काका नाशिकला. माणूस वाईट नाही, पण दीडदोन हजारांच्या खर्चासाठी हलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. घरात माझी ७३ वर्षांची आई, तिला संधिवात. ती बादली रोज गॅसवर तापवलेल्या पाण्याने भरायची, आणि ते उकळतं पातेलं उचलून बाथरूमपर्यंत नेताना माझा जीव वर-खाली व्हायचा. शेवटी फोन करणं थांबवलं आणि ईमेल लिहिला. तो इथे देतेय, कारण इथले निम्मे लोक भाडेकरूच आहेत.

विषय: बाथरूममधला गिझर बंद – दुरुस्तीसाठी विनंती, मुदत २५ डिसेंबर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.
फ्लॅटमधला १५ लिटरचा गिझर १८ नोव्हेंबरपासून बंद आहे. तो चालू केला की साधारण दोन मिनिटांत घराचा मेन स्विच उडतो. गिझरचा स्विच बंद ठेवला तर बाकी सगळं नीट चालतं. करंट लागण्याचा धोका असल्यामुळे त्या दिवसापासून आम्ही तो वापरलेला नाही.
याआधी आपल्याला असं कळवलं होतं:
१८ नोव्हेंबर – फोन. "इलेक्ट्रिशियन पाठवतो" असं आपण म्हणालात.
२१ नोव्हेंबर – व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि व्हिडिओ.
२७ नोव्हेंबर – आपण पाठवलेले इलेक्ट्रिशियन येऊन गेले. "कॉइल गेलीय, सामान आणतो" असं सांगून गेले, परत आले नाहीत.
४ डिसेंबर – व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण. आपलं उत्तर, "बघतो".
करारनाम्याच्या सामानाच्या यादीत हा गिझर "चालू स्थितीत" असा नोंदवलेला आहे.
कृपया १२ डिसेंबरपर्यंत माणूस कधी येईल ते कळवावं आणि २५ डिसेंबरपर्यंत दुरुस्ती पूर्ण करून द्यावी. आपल्याला नाशिकहून जमवणं अवघड असेल तर मी इथल्या मेकॅनिककडून काम करून घेते. त्याने अंदाजे २,००० रुपये सांगितले आहेत. बिल आपल्याला पाठवीन आणि ती रक्कम जानेवारीच्या भाड्यातून वळती करीन. त्यासाठी याच ईमेलला "चालेल" एवढं उत्तर पुरे.
डिसेंबरचं भाडं नेहमीप्रमाणे ५ तारखेला जमा केलं आहे.
आपली नम्र,

एवढंच. राग नाही, टोमणा नाही, वकिलाची धमकी नाही. पण यातली प्रत्येक ओळ विचार करून घातलेली आहे.

"गिझर खराब झालाय" असं लिहिलं की समोरचा म्हणतो, "नीट वापरत नसाल." म्हणून तो काय करतो ते लिहायचं. चालू केल्यावर मेन उडतो याचा अर्थ करंट कुठेतरी गळतोय, बहुतेक कॉइलमधून. मेन उडत नाही, दिवाही लागतो, पण पाणी गारच राहतं, तर कॉइल तुटलेली असते किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो. आणि खालून पाणी ठिबकत असेल, तर आधी जोड आणि व्हॉल्व्ह तपासायचे. टाकीच सडली असेल तर दुरुस्ती नाही, नवीनच घ्यावा लागतो. तिन्हींचा खर्च वेगळा, म्हणून लक्षण नेमकं हवं.

तारखांचं काम वेगळं. फोनवर झालेलं बोलणं उद्या कोणी नाकारू शकतं, पण २७ तारखेला त्यांनीच पाठवलेला माणूस येऊन गेला हे लिहून पाठवलं आणि त्यांनी ते खोडलं नाही, तर "मला कोणी सांगितलंच नाही" हा रस्ता जवळपास बंद होतो. डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी "गिझर तुम्ही बिघडवलात" असं निघालं, तर तेव्हाही हाच ईमेल कामाला येतो.

आता मुदत. पंधरा दिवस मी हवेतून आणले नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला जास्तीत जास्त वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आमच्या हिशेबाने ५४ हजार, म्हणजे गिझरला भरपूर.

पण इथे एक मेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा करार "लिव्ह अँड लायसन्स"चा असतो. त्या कागदावर आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो, आणि हे कलम भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे. त्यामुळे कलम दाखवून परस्पर पैसे कापले तर "भाडं थकवलं" म्हणून आपल्यालाच कागद येऊ शकतो. म्हणून आधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचायचं. कित्येक करारांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे आणि मोठी मालकाकडे असं मोघम असतं, आणि गिझर नेमका मधे लटकतो. अशा वेळी पैसे कापण्याआधी लेखी होकार घ्यायचा. ईमेलमधलं ते "चालेल" त्यासाठीच होतं. भाडं वेळेवर भरल्याची ओळही त्यासाठीच.

काकांचं उत्तर ११ तारखेला आलं. "चालेल. बिल पाठव." बास. मला वाटतं त्यांनाही नाशिकहून माणूस शोधण्याची कटकट नको होती. २,००० चा आकडा आणि सोपा मार्ग समोर आल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

१४ तारखेला मेकॅनिक आला. कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर पांढरा क्षार. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. त्या थराखाली कॉइल जास्त तापते, तिचं वरचं आवरण तडकतं, पाणी आत शिरतं आणि करंट गळायला लागतो. यात वापरणाऱ्याचा दोष नाही, ही पाण्याने झालेली झीज. मी त्याला बिलावरच "क्षारामुळे कॉइल खराब" असं लिहायला लावलं, जुन्या कॉइलचा फोटो काढला आणि दोन्ही त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवलं. बिल १,९५० रुपये. जानेवारीचं भाडं १६,०५० भरलं, सोबत हिशेबाची एक ओळ.

ईमेल म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही हे खरं. उत्तरच न देणारे मालक असतात, आणि दोन हजारांसाठी कोर्टात कोण जातं? पण तिथेही पुढच्या पायरीला, सोसायटीत असो, वकिलाकडे असो, पहिला प्रश्न हाच येतो: "लेखी काय दिलंय?"

तुमच्याकडे काही बंद पडलं असेल तर आज करारनामा काढा आणि सामानाच्या यादीत ती वस्तू आहे का बघा. यादीच नसेल, तर घरात शिरतानाचे फोटो शोधा. ईमेलची सुरुवात तिथून होते.