एक टक्का गेला कुठे?

नववीच्या वर्गासाठी मी अपूर्णांकांची जी कृतिपत्रिका करते, तिच्यात चार रकाने असतात. व्यवहारी अपूर्णांक, दशांश, शेकडा, आणि चौथा ‘उलट’. तिसऱ्या रकान्यातल्या टक्क्यांवरून मागे चालत यायचे आणि पहिला अपूर्णांक परत मिळतो का ते बघायचे. मुलांना हा चौथा रकाना अजिबात आवडत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर एरवीच कसरत असते, वाक्य उजवीकडून लिहायचे आणि त्यातली संख्या मात्र डावीकडून.

गेल्या वर्षी एक मुलगी मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आली. तिचे वडील वारले होते. मागे आई, एक भाऊ आणि ती. आजी-आजोबा आधीच गेलेले. कर्ज वगैरे फेडून घराचे चोवीस लाख रुपये वाटायचे होते. नात्यातल्या कोणीतरी मोबाइलवर हिशेब करून कागदावर लिहून दिले होते: आई १२ टक्के, मुलगी २९ टक्के, मुलगा ५८ टक्के. “टीचर, बेरीज नव्व्याण्णवच येते. एक टक्का गेला कुठे?” तिने विचारले.

कुठे गेला ते शोधायला मूळ हिश्श्यांपासून निघावे लागते. मुले असतील तर बायकोचा वाटा १/८. उरलेल्या ७/८ चे तीन भाग. दोन मुलाचे, एक मुलीचे. म्हणजे मुलीला ७/२४ आणि मुलाला १४/२४.

आईचा १/८ सरळ आहे. एकाला आठाने भागले की ०.१२५ येते आणि भागाकार संपतो. शंभराने गुणले की साडेबारा टक्के. उलट तपासा: १२.५ भागिले १००, म्हणजे १२५/१०००, संक्षेप दिला की १/८. कागदावर बारा लिहिले होते. त्याची उलट वाट १२/१०० वरून ३/२५ ला जाते, १/८ ला नाही. अर्धा टक्का इथे सांडला.

मुलीचा ७/२४ मात्र संपत नाही. मी तिला भागाकार फळ्यावर करायला लावला. ७० मध्ये २४ दोनदा, बाकी २२. २२० मध्ये नऊदा, बाकी ४. ४० मध्ये एकदा, बाकी १६. १६० मध्ये सहादा, बाकी पुन्हा १६. बाकी तीच आली की पुढचा अंकही तोच येणार, म्हणून ०.२९१६६६… आणि सहावर आडवी रेघ. हे आधीच ओळखता येते. संक्षेप दिल्यावर छेदात २ आणि ५ यांशिवाय दुसरा मूळ अवयव असेल तर दशांश संपत नाही. २४ मध्ये ३ आहे.

मग उलट कसे यायचे? न संपणारा दशांश हजारावर ठेवता येत नाही. त्याची शेपटी वजाबाकीने कापावी लागते. संख्येला क्ष म्हणू. क्षची दहा हजार पट २९१६.६६६… आणि हजार पट २९१.६६६…. वजा केले की दोन्ही शेपट्या जातात. ९००० क्ष = २६२५. वर-खाली ३७५ ने भागा, ७/२४ परत आले. २९ टक्क्यांवरून मात्र २९/१०० च्या पुढे काही मिळत नाही.

रुपयांत पाहिले तर अपूर्णांकांनी आईला तीन लाख, मुलीला सात लाख, मुलाला चौदा लाख. एक पैसाही उरत नाही. कागदाच्या हिशेबाने आईचे बारा हजार, मुलाचे आठ हजार आणि मुलीचे चार हजार, असे चोवीस हजार कोणाच्याच नावावर नव्हते. त्यातही सर्वांत जास्त आईचे. कागद लिहिणाऱ्याची नियत वाईट होती असे मला वाटत नाही. मोबाइलने दिलेल्या आकड्यातला टिंबापुढचा भाग त्याने सोडला, इतकेच. टक्के हवेतच असतील तर शेवटी लिहावेत. वाटणी अपूर्णांकातच करावी.

त्या मुलीची भीड तेव्हापासून गेली, आणि मी तिला एकाचे सात भाग करायला दिले. १/७ = ०.१४२८५७१४२८५७… हे सहा अंक फिरत राहतात. आमच्या नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. आवर्ती दशांशांवर त्यांनी लिहिले आहे, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांमध्ये ही १४२८५७ बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा, पुन्हा १४२८५७.

मुलीने ते करून पाहिले. मग न सांगता चौथा रकाना भरला. सहा अंक फिरतात म्हणून दहा लाख पट घेतली, एक पट वजा केली, ९९९९९९ क्ष = १४२८५७. संक्षेप कितीने द्यायचा इथे ती थोडी अडली. १४२८५७ ला सातने गुणून पाहिले, तर सहा नऊ आले.